हॉलच्या मालकास पत्र

भिगवणला माझी खाला राहते. पुणे-सोलापूर महामार्गावरचे हे गाव कागद गिरणी, उजनीच्या पाणलोटातली मासळी आणि हिवाळ्यात येणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे बाहेरच्यांना माहीत आहे. खालाच्या ओळखीच्या पंधरा-अठरा बायका आठवड्यातून एकदा जमून नमाज अदा करतात, कुरआनच्या एका पानाचा अर्थ मराठीत वाचतात आणि दुआ करून घरी जातात. काही वर्षे हे पाळीपाळीने कुणाच्या तरी घरी चालायचे. पण दोन खोल्यांच्या घरात अठरा जणी बसल्या की घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी दुपारी पडायचे कुठे, हा प्रश्न उभा राहतो. जिची पाळी तिला चहापाण्याचा खर्च, आणि जिचे घर लहान ती पाळी येण्याआधीच येणे बंद करते. अशा चार जणी गळाल्यावर खालाने ठरवले की जागा घराबाहेर शोधायची.

मशिदीत का नाही, असे कुणी विचारेल. आपल्याकडच्या लहान गावांतल्या बहुतेक मशिदींत बायकांसाठी वेगळा दरवाजा, वेगळी वुजूची जागा किंवा वेगळी खोली बांधलेलीच नसते. पुण्याच्या यास्मिन झुबेर अहमद पीरजादे आणि त्यांचे पती यांनी २०१९ मध्ये याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०२० च्या जानेवारीत मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने प्रतिज्ञापत्र देऊन सांगितले की बायकांना मशिदीत नमाजला येण्याची मनाई नाही. मनाई नसणे आणि जागा असणे यांत मात्र फरक आहे. खालाला या आठवड्याची जागा हवी होती.

गावात एक मंगल कार्यालय आहे. मोठ्या हॉलच्या मागे वीस फूट बाय तीस फुटांचा एक लहान हॉल आहे, तो पंगतीसाठी वापरतात. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. खाला मला म्हणाली, "तू लिहिणारा आहेस, अण्णांना एक अर्ज लिहून दे. गोड लिही."

बायकांनी स्वतः एक मसुदा केला होता. त्यात नमाजचे महत्त्व होते, सर्वधर्मसमभाव होता, अण्णांच्या वडिलांच्या दानशूरपणाची आठवण होती. सगळे खरे होते, पण अण्णांच्या मनात येणाऱ्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. हॉलच्या मालकाला आपल्या श्रद्धेबद्दल शंका नसते. त्याला चार गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: माझी जागा माझीच राहील ना, माझी लग्नाची तारीख बुडणार नाही ना, हॉल घाण होणार नाही ना, आणि उद्या कुणी मला जाब विचारला तर मी काय सांगू? यातला पहिला प्रश्न तो तोंडाने कधीच विचारत नाही. म्हणून पत्रात तो सर्वात आधी यायला हवा.

'एकदा नमाज सुरू झाली की जागा त्यांची होते' हे वाक्य आपण सर्वांनी कुठे ना कुठे ऐकलेले आहे. त्यावर रागावण्यापेक्षा त्याचे उत्तर देणे बरे. शरियतच्या बाजूने पाहिले तर मालकाने स्वतः जागा कायमची वक्फ केल्याशिवाय ती मशीद होत नाही. भाड्याच्या खोलीत रोज नमाज झाली तरी ती मुसल्लाच राहते. उलट मालकाच्या मर्जीविरुद्ध बळकावलेल्या जागेवर नमाज पढणे गुनाह आहे, म्हणून परवानगी मागणे हा आपल्या इबादतीचाच भाग आहे. कायद्याच्या बाजूने पाहिले तर परवानगीने केलेला वापर कितीही वर्षे चालला तरी तो विरोधी ताबा ठरत नाही. 'वापराने वक्फ' या कल्पनेची लोकांना भीती वाटते, पण मालकाला भाडे देऊन, त्याच्या परवानगीने वापरलेली जागा तिच्यात आधीही बसत नव्हती. आता २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्याने यापुढे वापराने नवीन वक्फ होण्याची वाटच काढून टाकली आहे. त्या दुरुस्तीबद्दल आपली मते काहीही असोत, अण्णांना निर्धास्त करायला ती उपयोगी पडते.

इथे एका बारीक कलमाने आमची चर्चा अडवली. एका भाभीने सुचवले होते की हॉलच्या मागे वुजूसाठी चार नळांची ओळ आणि बसायला कट्टा आपण आपल्या पैशाने बांधून देऊ, अण्णांनाही उपयोग होईल. ऐकायला हे चांगले वाटते. पण दुसऱ्याची जागा परवानगीने वापरणे याला १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात लायसन्स म्हणतात, आणि कलम ६० प्रमाणे मालक ते लायसन्स काढून घेऊ शकतो. याला दोन अपवाद आहेत. त्यातला एक असा की परवानगी घेणाऱ्याने त्या परवानगीवर विसंबून स्वतःच्या खर्चाने कायमस्वरूपी बांधकाम केले असेल, तर परवानगी सहज मागे घेता येत नाही. म्हणजे भाभीचे ते चार नळ अण्णांचे हात बांधू शकले असते. त्यांना कुणी वकिलाने हे सांगितले असते, तर आमच्या चांगुलपणातच त्यांना डाव दिसला असता. म्हणून पत्रात आम्ही उलटे लिहिले: खिळासुद्धा ठोकणार नाही, आणि भेट म्हणूनही काही बांधून देणार नाही.

मागे काहीही न ठेवणे हेही यातच आले. चटया, कुरआनच्या प्रती, दुपट्टे ठेवायला एक कपाट मिळाले तर सोय होईल, असे दोघींचे म्हणणे होते. पण कुलूपबंद कपाट ही कब्जाची पहिली खूण दिसते. फरशीवर सफ दाखवणारी रंगाची किंवा चिकटपट्टीची रेघही नको. पुढच्या पंगतीला बसलेल्या माणसाला इथे आदल्या दिवशी कोण बसले होते, याचा मागमूस दिसायला नको.

हॉल मशीद नसण्याचा बायकांना एक फायदाही आहे, तो मला खालानेच दाखवून दिला. हैजच्या दिवसांत बाई मशिदीत जात नाही, पण हॉलमध्ये येऊन मागे बसून ती दर्स ऐकू शकते. तिचा तो आठवडा बुडत नाही. जमातीबाबतही त्यांनी वाद ओढवून घेतला नाही. हनफी मसलकात फक्त स्त्रियांची जमात मकरूह मानतात. शाफई मसलकात ती चालते आणि इमाम स्त्री पुढे न जाता ओळीच्या मध्ये उभी राहते. या बहुतेक जणी हनफी, दोघी कोकणातून लग्न होऊन आलेल्या शाफई. त्यांनी ठरवले की प्रत्येकीने आपापली जोहर अदा करायची आणि मग एकत्र बसायचे.

दिवस आणि वेळ ठरवायला आम्ही कालनिर्णय घेऊन बसलो. मंगल कार्यालयाचे उत्पन्न लग्नतिथींवर चालते. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो आणि चातुर्मासात हॉल बराचसा रिकामा असतो. म्हणून पत्रात आम्ही लिहिले की पंचांगात ज्या शुक्रवारी विवाह मुहूर्त आहे तो शुक्रवार आम्ही आधीच सोडला आहे, आणि साखरपुडा किंवा बारशाची बुकिंग आली तर आदल्या संध्याकाळी निरोप दिला तरी चालेल. शुक्रवार निवडला कारण जुम्मा आटोपून, जेवून घरचे पुरुष कामाला गेले की अडीच वाजता बायका मोकळ्या होतात. जोहर निवडली तिलाही कारण आहे. भिगवणला सूर्य माथ्यावर येण्याची वेळ वर्षभरात साधारण सव्वाबारा ते पाऊण या दरम्यान फिरते, त्यामुळे अडीच वाजता बाराही महिने जोहरचा वक्त असतो. असर धरली असती तर उन्हाळ्या-हिवाळ्यात वेळ सरकत राहिली असती, आणि हॉलवाल्याला दर दोन महिन्यांनी नवी वेळ सांगणे म्हणजे त्याला कंटाळा आणणे.

आता स्वच्छता. 'आम्ही हॉल स्वच्छ ठेवू' असे सगळेच लिहितात, पण त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. नमाजच्या जागेत नेमके काय बिघडते ते सांगितले तरच आश्वासनाला वजन येते. पहिले पाणी. बेसिनमध्ये पाय धुतले की बेसिन भिंतीतून सुटते आणि बोळातली फरशी ओली होऊन कुणीतरी घसरते. म्हणून वुजू घरून करून यायचे ठरले. ज्यांचा वुजू तुटेल त्यांनी बाहेरच्या नळावर बादली आणि लोटा घेऊन करायचा, आणि पायपुसण्यावर पाय कोरडे करूनच आत यायचे. दुसरे चपला. अठरा जोड दारात पसरले की रस्त्यावरून जाणाऱ्याला गर्दी दिसते. म्हणून त्या जिन्याखाली, दोन ओळींत. तिसरे खाणे. मंगल कार्यालयाच्या स्वयंपाकघरात काय शिजते याबद्दल मालक हळवा असतो आणि ते विचारायलाही त्याला संकोच वाटतो. म्हणून आम्हीच लिहिले की पाणी आणि खजूर यांपलीकडे काही खाणार नाही. रमजानमध्ये तर तेही नाही, आणि इफ्तार तिथे होणार नाही.

तसबिरींचा प्रश्न एका आपाने काढला. हॉलमध्ये गणपतीची, शिवाजी महाराजांची आणि अण्णांच्या वडिलांची तसबीर आहे. समोर चित्र असताना नमाज मकरूह होते, मग त्या उतरवायला सांगायच्या का? मी हॉल पाहून आलो. तसबिरी दक्षिणेच्या भिंतीवर आहेत. भिगवणहून किबला पश्चिमेपासून साधारण अकरा अंश उत्तरेकडे येतो. म्हणजे नमाजला उभे राहिल्यावर तसबिरी डाव्या हाताला राहतात आणि समोर खिडक्यांची कोरी भिंत येते. लोखंडी शटरजवळ मोबाईलचे होकायंत्र फसते, म्हणून दिशा हॉलच्या मध्यावर उभे राहून पाहिली. कुणाला पडताळायची असेल तर २८ मेला दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी सूर्य बरोबर काबागृहाच्या माथ्यावर असतो. त्या क्षणी सूर्याकडे तोंड म्हणजे किबल्याकडे तोंड. कुणाच्या घरातली तसबीर उतरवायला सांगण्याची वेळच आली नाही.

भाड्याबाबत खालाचा आग्रह होता की फुकट मागू नये. सहा पंखे आणि सहा ट्यूब दीड तास चालले तर एक युनिटसुद्धा वीज जळत नाही. महिन्याचे साडेतीन युनिट धरा. खरा खर्च कुलूप उघडणाऱ्या आणि झाडणाऱ्या माणसाचा असतो. अठरा जणींनी वीस-वीस रुपये काढले तर ३६० होतात. म्हणून बैठकीमागे ३०० रुपये देऊ केले. जिला जमत नाही तिचे वीस रुपये कुणी विचारायचे नाहीत, म्हणून वरचे साठ. आणि प्रत्येक बैठकीची वेगळी पावती मागितली. ती पावती अण्णांच्याच कामाची आहे. जागा कुणाची, कुणी किती वेळ वापरली, हे तिच्यावर दर आठवड्याला लिहिले जाते.

राहिला चौथा प्रश्न, जाब विचारणाऱ्यांचा. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये गुरुग्राममध्ये उघड्यावरच्या जुम्म्यावरून तणाव असताना एका हिंदू व्यावसायिकाने आपली रिकामी जागा नमाजला देऊ केली आणि तिथल्या गुरुद्वारा सिंग सभेनेही आपले आवार देऊ केले. देशभर त्याचे कौतुक झाले, पण विरोधाचा रोखही त्यांच्याकडेच वळला, आणि गुरुद्वारात नमाज होऊ शकली नाही. यातून एवढे घ्यावे की जागा देणाऱ्यावर येणारे दडपण मागणाऱ्यापेक्षा जास्त असते. म्हणून पत्रात त्याच्यासाठी बाहेर पडण्याचा दरवाजा उघडा ठेवावा, आणि पत्र असे असावे की ते त्याने कुणालाही काढून दाखवावे.

शेवटी गेलेले पत्र असे होते.

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

आम्ही भिगवणमधील पंधरा ते अठरा महिला आठवड्यातून एकदा नमाज आणि धार्मिक वाचनासाठी जमतो. आपल्या कार्यालयाचा मागचा लहान हॉल दर शुक्रवारी दुपारी २.३० ते ४ या वेळेत भाड्याने मिळावा, ही विनंती.

१. जागा आपली आहे आणि आपलीच राहील. आम्ही ती फक्त आपल्या परवानगीने, त्या दीड तासापुरती वापरू. किल्ली आपल्याकडेच राहील. कोणताही फलक, खूण, खिळा, कपाट किंवा बांधकाम आम्ही करणार नाही आणि आमची एकही वस्तू मागे ठेवणार नाही.

२. लग्नतिथीचे शुक्रवार आम्ही धरलेले नाहीत. इतर दिवशी बुकिंग आल्यास आदल्या संध्याकाळी कळवावे. त्या आठवड्यात आम्ही येणार नाही आणि बदली दिवस मागणार नाही.

३. लाऊडस्पीकर वापरणार नाही, बाहेर अजान देणार नाही. बाहेरगावचे वक्ते बोलावणार नाही. स्वयंपाक करणार नाही.

४. चटया आम्ही आणू आणि नेऊ. वुजू घरून करून येऊ. निघताना फरशी पुसून, नळ, पंखे, दिवे आणि खिडक्या बंद करून आपल्या माणसाला दाखवू व वहीत दोघांच्या सह्या करू. मोडतोड झाल्यास त्याच आठवड्यात भरून देऊ. त्यासाठी ३,००० रुपये अनामत ठेवत आहोत.

५. प्रत्येक बैठकीचे ३०० रुपये त्याच दिवशी देऊ. पावती मिळावी.

६. आपल्याला ही व्यवस्था कधीही थांबवावीशी वाटली तर एक निरोप पुरे. कारण सांगण्याची गरज नाही. आपल्याशी असलेले संबंध तसेच राहतील.

जबाबदार म्हणून खाली दोघींची नावे, पत्ते आणि फोन दिले आहेत.

आपल्या विश्वासू

अण्णांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचले. मग खालाला म्हणाले, "भाभी, सहावा मुद्दा कशाला लिहिलात? मी काय तुम्हाला हाकलणार आहे का?" पण तो मुद्दा त्यांनी खोडायलाही सांगितला नाही. त्यांनी दोन बदल केले. मुदत तीन महिन्यांची धरा, मग पुन्हा बसून बोलू, हा पहिला. आणि किल्ली माझ्याऐवजी घरातून मिळेल, बायकांची बैठक आहे, तिथे माझा गडी कशाला, हा दुसरा. त्यामुळे आता वहीवर सही वहिनींची असते.

तीन महिन्यांत तेरा शुक्रवार आले. चार लग्नतिथींना गेले, एक साखरपुड्याला. आठ बैठका झाल्या. वहीत एकच शेरा आहे, 'बोळ ओला', दुसऱ्या आठवड्यातला. त्यानंतर बाहेरच्या नळापाशी गोणपाटाचे दुसरे पायपुसणे आले आणि तो शेरा पुन्हा आला नाही. मधल्या काळात गावातल्या दोघांनी अण्णांना विचारले की हे काय चालू केलेत. त्यांनी खिशातून पत्र काढून दिले. एकाने वाचून परत केले, दुसऱ्याने मोबाईलवर फोटो काढून नेला. पुढे काही झाले नाही.

गळालेल्या चार जणींपैकी तिघी परत आल्या आहेत. चौथीचे घर वणंगळीला गेले. खालाने काल फोन करून सांगितले की मुदत संपायला आली, नवा अर्ज लागेल. मी म्हटले, या वेळी तू लिही. तारखा बदल, बाकी सगळे तेच ठेव, आणि सहावा मुद्दा गाळू नकोस.